पुतळ्याला डोकं नव्हतं

रेनकोट, जॅकेटं शिवणाऱ्या त्या कारखान्यात ताईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बावीस वर्षं त्या तपासणीला होत्या. पंधरा वर्षं मशीन चालवल्यावर मालकांनी त्यांना उठवून तपासणीच्या टेबलाशी बसवलं, पण त्या टेबलाशी कधी बसून राहिल्याच नाहीत. मागच्या अंगणात पाण्याचा पाइप होता. नव्या मालाचा पहिला नग त्या स्वतः अंगात घालायच्या, पाइपखाली उभ्या राहायच्या आणि देवाचं नाव शंभर वेळा घ्यायच्या. शंभर नावं होईपर्यंत पाणी आत आलं नाही तर कागदावर सही. शिवणाऱ्या पोरी म्हणायच्या, "ताईंचा देवसुद्धा भिजून चिंब झाला असेल." ताई म्हणायच्या, "त्याला सवय आहे गं. तुम्ही टाके सरळ घाला."

या वेळचा माल होता खांबावर चढणाऱ्या वीजकामगारांसाठी. तीनशे जॅकेटं. पहिला नग तयार झाला तेव्हा ताईंना सणकून ताप भरला होता. त्यांनी जॅकेट पुतळ्याला चढवलं आणि पुतळा पाइपखाली ठेवला. शंभर नावं मात्र चुकवली नाहीत. पुतळ्याचं अंग कोरडं ठणठणीत. चेन सुरळीत, चेनीवरची पट्टी बरोबर बसलेली, शिवणींवर आतून चिकटपट्टी नीट दाबलेली. ताईंनी सही केली.

वादळ सुटलं तेव्हा तयार होती ती वीस जॅकेटं घाईने कामगारांकडे गेली. त्यातलं एक ताईंच्या धाकट्याला मिळालं. धाकटा म्हणजे सख्खा भाऊ, वीजकामगार. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. ताईंनीच त्याला वाढवलं आणि लग्नाचं वय त्यातच निघून गेलं.

वादळाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी धाकटा दोन घास खायला घरी आला. दारातच त्याने बाही पिळली. कोपरातून धार लागली.

"मनगट आवळून घेतलं नाहीस का रे?"

"आवळू कशाने? नुसतं इलास्टिक आहे. हात वर केले की पाणी मनगटातून शिरतं ते थेट काखेत. आणि आमचे हात काय, दिवसभर वरच."

ताईंनी त्याच्यापुढे ताट ठेवलं. "आणि टोपी?"

"टोपीचं तर विचारूच नकोस. हेल्मेट मावावं म्हणून मोठी केलीय, पण मागून ओढून बसवायला पट्टी नाही. वर बघितलं की डोळ्यांवर येते. बाजूला बघावं तर मान फिरते, टोपी जागच्या जागी. टोपीचं अस्तर तेवढं दिसतं. कोणी पास केलं गं हे?"

तो हसत होता. ताईंना हसू येईना. पुतळ्याचे हात खाली लोंबत होते. पुतळ्याला डोकंच नव्हतं. त्याने वर बघायचं कशाने?

"टेस्टर कुठे ठेवतोस?" त्यांनी विचारलं. तारेत वीज आहे की नाही हे बघायचा टेस्टर. त्याच्याशिवाय कोणी तारेला हात लावत नाही.

"खिशात. खिसा नेमका कमरेच्या पट्ट्याखाली येतो. चेनीचं टोक एवढंसं, हातमोज्यांच्या बोटांना लागतही नाही."

"मग काढतोस कसा?"

धाकटा घास चावत राहिला. "पट्टा सोडतो जरा. क्षणभरच. पायांनी धरून असतो मी खांब."

ताईंच्या हातातला डाव खाली पडला. तो पट्टा त्याला खांबाशी बांधून ठेवत होता. बाकी वर धरायला काहीच नव्हतं.

त्या सुईदोरा आणायला आत वळल्या, तेवढ्यात बाहेर गाडीचा भोंगा वाजला आणि धाकटा हात धुऊन निघूनही गेला. फोन लावला तर लागेना. तीन दिवस कोणाचाच लागत नव्हता.

ताई भिजत कारखान्यात पोचल्या. उरलेली दोनशे ऐंशी जॅकेटं खोक्यांत भरून दाराशी लागली होती. चार वाजता गाडी येणार होती.

"माल थांबवा, मालक."

मालकांनी चष्मा कपाळावर चढवला. "का? सही तर तुमचीच आहे."

"माझीच आहे. म्हणून तर सांगतेय."

"ताई, लोक उघड्यावर भिजताहेत. आज माल गेला नाही तर पुढच्या वर्षीचं काम दुसरीकडे जाईल. पन्नास बायका आहेत आपल्याकडे. पाणी आत येतंय का? नाही ना?"

ताईंनी वाद घातला नाही. एक खोका फोडला, जॅकेट मालकांपुढे धरलं. भिंतीवरचं हेल्मेट काढलं, खोके बांधायचा जाड, बक्कलाचा पट्टा आणला. "दोन मिनिटं अंगणात चला. एवढ्या वर्षांत तुमच्याकडे काही मागितलं नाही."

मालकांनी कुरकुरत जॅकेट आणि हेल्मेट चढवलं आणि ते निघाले. ताईंनी जॅकेटच्या खिशात त्यांचीच किल्ली ठेवून चेन लावली, कमरेवर पट्टा आवळून अंगणातल्या लोखंडी खांबाला त्यांना बांधलं, हातांत रबरी मोजे दिले आणि पाइप सोडला.

"हात वर करा. वर बघा. आता खिशातली किल्ली काढा."

टोपी मालकांच्या नाकापर्यंत आली. एका हाताने टोपी सारत दुसऱ्या हाताने ते चेनीचं टोक शोधत राहिले. पट्टा खाली सरकेना, वर सरकेना. शेवटी वैतागून त्यांनी बक्कल सोडलं.

"पडलात," ताई म्हणाल्या.

पाइप चालूच होता. मालक टोपीखालून त्यांच्याकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी हळूच किल्ली काढली आणि मशीनवरच्या बायकांना हाक मारली.

काय करायचं ते ताईंनी भराभर सांगितलं. खालचे खिसे शिवून बंद. नवा खिसा छातीवर, पट्ट्याच्या वर, चेनीच्या टोकाला बोटभर दोरी. मनगटाला आवळायचा बंद, टोपीला मागून ओढायची पट्टी. "सुईचं प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला दार. आतून पट्टी गरम दाबल्याशिवाय एकही नग सोडू नका."

"आणि तुम्ही कुठे चाललात?" मालकांनी विचारलं.

"बाहेर वीस आहेत ना."

धाकट्याची गाडी त्यांना दोन तासांनी सापडली, कारखान्यांच्या मागच्या रस्त्यावर. तो खांबाच्या टोकाशी होता. ताईंनी हाका मारल्या. वारा, पाऊस, कानांवर टोपी. त्याला ऐकू कसं जाणार? त्याचा उजवा हात खाली आला, कमरेशी गेला, बक्कल चाचपू लागला. ताईंच्या तोंडात देवाचं नाव आलं, पण मोजणी काही सुरू होईना. एकावरच अडकली. एक, एक, एक.

त्यांनी पायातली चप्पल काढली आणि लोखंडी खांबावर जिवाच्या आकांताने हाणू लागल्या. वर त्याच खांबाला धाकट्याचे पाय आवळलेले होते. धक्का तळव्यांना जाणवला असावा. त्याने खाली बघितलं. टोपी डोळ्यांवर आली. चिडून त्याने बक्कलवरचा हात उचलला आणि टोपी मागे ढकलली.

खाली बहीण उभी होती, एका पायात चप्पल.

तो उतरला. "वेड लागलंय का ताई तुला?"

"हलू नकोस." त्यांनी पावसातच त्याच्या खिशाचं तोंड शिवायला घेतलं. ओल्या कापडात टाके वेडेवाकडे पडले. टेस्टरला सुती दोरी बांधून तो त्याच्या गळ्यात अडकवला. टोपी मागून मूठभर धरली, चार टाके घालून घट्ट केली. मनगटांवर रबरी हातमोजे चढवून वरून नाडी आवळली.

"मान फिरव."

धाकट्याने फिरवली. टोपी बरोबर फिरली.

"सही माझी होती रे," ताई म्हणाल्या. "पुतळ्यावर बघितलं मी."

धाकट्याने त्यांची दुसरी चप्पल चिखलातून शोधून पायाशी आणून ठेवली.

ताईंनी सुईत नवा दोरा ओवायला घेतला. पावसात तो काही केल्या ओवला जाईना. धाकट्याने सुई त्यांच्या हातून घेतली आणि ओवून दिली.

"बाकीचे एकोणीस," त्या म्हणाल्या, "कोण कोणत्या खांबावर आहे, सांग लवकर."