आपण विहीर खणता

चाकणच्या कंपनीत मी लाईन सुपरवायझर झाले आणि पहिल्याच मीटिंगमध्ये एक पाईप मागायचा ठरवला. प्रेस मशीनचा हायड्रॉलिक पाईप फुटला की आम्ही नवा आणायला भोसरीला माणूस पिटाळायचो आणि तोवर सगळी लाईन हात चोळत बसायची. जादाचा एक पाईप स्टोअरमध्ये असावा, एवढंच माझं मागणं. मला नुसता संताप यायचा.

लाईनवरचे काका याच भागातले. पाईप फुटला की म्हणायचे, "तहान लागल्याव हीर खांदायची व्हय, ताई?" मराठवाड्यातून आलेला वेल्डर म्हणायचा, "आग लागली की बंब शोधायचा, असलं हाय आपलं." दोन्ही बोलणी चपखल होती. पण प्लांट हेडसमोर ही भाषा कशी चालणार?

हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या बसमध्ये मी वाक्य घासूनपुसून तयार केलं: "निकड उद्भवल्यानंतर जुळवाजुळव करण्याऐवजी पूर्वतरतूद असावी." काय रुबाबदार वाक्य! मी स्वतःवरच खूश.

मीटिंगमध्ये ते म्हटलं. साहेबांनी मान डोलावली. "उत्तम विचार. तरतुदीकडे लक्ष असू द्या." आणि पुढचा विषय! पाईपचं नावही कुणी काढलं नाही. वाक्य इतकं गुळगुळीत झालं होतं की कुणाला कुठे टोचलंच नाही.

माझं डोकंच फिरलं. म्हण बाहेर काढायची, पण अदब राखून, असं ठरवून मी उभी राहिले. म्हणायचं होतं, "आपण तहान लागल्यावर विहीर खणतो," म्हणजे आपण सगळेच. पण तोंडात अजून तीच शुद्ध भाषा घोळत होती.

"साहेब, आपण तहान लागल्यावर विहीर खणता!"

खणतोचं खणता झालं आणि 'आपण'मधून मी बाहेर पडले. विहिरीत उरले एकटे साहेब. माझे कान तापले. गेली नोकरी, असंच वाटलं.

साहेबांनी चष्मा काढला. "खणतो तर खरं," ते म्हणाले. "कशाची विहीर, ते तरी सांगा."

मग काय! मी भडाभडा सगळं सांगितलं, पाईपचं माप, भोसरीची चक्कर, बंद पडलेली लाईन. साहेब स्टोअरवाल्याकडे वळले. "एक कायम ठेवा."

पाईप आला त्या दिवशी काकांनी रॅकवर खडूनं मोठ्या अक्षरात 'हीर' लिहिलं. मी पुसू दिलं नाही.

पुढे एका सकाळी फट्‌ आवाज झाला, तेलाची चिळकांडी उडाली. प्रेस बंद करून सगळे मागे सरले. भोसरीला कोण जाणार म्हणून माझी नजर सवयीनं दाराकडे गेली, तेवढ्यात काका ओरडले, "ताई, तहान लागली! हीर आणा!"

आणि मी स्टोअरकडे पळत सुटले.