जमलं तर ये

दीपक कदमचं काम चष्म्याच्या काचा घासून फ्रेमीत बसवायचं. एसटी स्टँडजवळच्या दुकानात तो सहा वर्षं हेच करतोय. बोलतो कमी, काम करतो चोख. समोरच्या डोळ्यांच्या दवाखान्यातून नंबरच्या चिठ्ठ्या घेऊन येणारी शमिका त्याला आवडते, हे दवाखान्याच्या शिपायालाही ठाऊक आहे. ठाऊक नव्हतं ते फक्त शमिकाला, असं आपलं दीपक समजत होता.

गुरुवारी चिठ्ठ्या देऊन ती निघाली, दुकानाच्या पायरीवर थांबली आणि मागे वळून म्हणाली, "शनिवारी वाढदिवस आहे माझा. संध्याकाळी घरी ये, जमलं तर."

झालं! त्या दिवशी एका आजोबांची डावी काच उजवीकडे बसली.

संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर, कठड्यावर बसून त्याने हे धम्मदीपला सांगितलं. दोघे एकाच वाडीतले, पहिलीपासून एका बाकावरचे. धम्मदीप आता शाळामास्तर, त्यामुळे कुठल्याही गोष्टीची उलटतपासणी केल्याशिवाय त्याला भेळ गोड लागत नाही.

"दवाखान्यातल्या बाकीच्यांना बोलावलंन काय?"

"नाय. दुपारी मेसेज आला तिचा. त्यांना शनिवारी तिथंच पेढे देणार हाय."

"म्हंजे घरी तू एकटाच. बरं. वेळ सांगितलीन?"

"साडेसहा. आणि तिच्या गावाहून सातला परतीची एसटी असते म्हणाली."

"मग अर्ध्या तासात तुला घालवतेय की रे!" धम्मदीप हसला. "केक खा नि चालू पड."

दीपकचा चेहरा पडला. धम्मदीपला त्याची दया आली. "खुळा हायस काय? नुसतं तोंडदेखलं बोलावणारी मुलगी एसटीची वेळ बघून ठेवत नाय. पण 'जमलं तर' म्हणालीन, तिथं अडतंय. ते तुला मोकळं सोडायला म्हणाली की स्वतःला, ते कसं कळायचं?"

अंधारून येत होतं. समुद्रावरून दमट वारा सुटला होता आणि दीपकला उगाचच अस्वस्थ वाटत होतं.

"असं कर," धम्मदीप म्हणाला, "कोण कोण येणार, एवढंच विचार. मैत्रिणींची नावं आली तर तू गर्दीतला. घरचेच म्हणालीन तर तुला दाखवायला नेतेय."

दीपकने मेसेज केला. लगेच उत्तर आलं. 'घरचेच. आई, वहिनी, दादा. दादा मुंबईहून आलाय, मी त्याला तुझ्याबद्दल सांगितलंय.'

धम्मदीपने त्याच्या पाठीत धपाटा घातला. "आता आणखी काय पायजे तुला!"

दीपक हसला. खरंच हसला, पोटातून. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला.

'दादा विचारतोय, तुझं गाव कुठलं? आणि वाडी?'

धम्मदीपला हा प्रश्न कुणी करत नाही, त्याच्या नावातच उत्तर आहे. दीपक कदमला मात्र विचारतात. कदम मराठ्यांत आहेत, कदम बौद्धांत आहेत. गावाच्या नावाने काही कळत नाही, वाडीने सगळं कळतं. दीपकने काही लपवलं नव्हतं. शमिकाने कधी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही, एवढंच.

"बघ," धम्मदीप हळूच म्हणाला, "नुसत्या मित्राची वाडी कोण विचारत नाय. बोलावणं खासच हाय." पण त्याच्या आवाजात आनंद नव्हता. "नुसतं गाव लिही. शनिवारी जाऊ नको. ताप आला म्हणून सांग."

"आणि सोमवारी ती चिठ्ठ्या घेऊन आली की?"

दीपकला भयंकर राग आला, दादाचा, स्वतःचा, त्या चार अक्षरांच्या प्रश्नाचा. जिने आपल्याला घरी बोलावलं तिच्याशी पहिलंच खोटं वाडीबद्दल बोलायचं, हे त्याच्याने होईना. त्याने गाव लिहिलं, पुढे 'बौद्धवाडी' लिहिलं आणि पाठवून दिलं.

मेसेज लगेच वाचला गेला. उत्तर येईना. पाच मिनिटं गेली, दहा गेली. भेळ कागदात तशीच मऊ पडली.

मग फोन वाजला. शमिकाचं नाव बघून दीपकने घाईने कानाला लावला.

"कदम ना?" पुरुषाचा आवाज होता. शांत, अगदी सावकाश बोलणारा. "शनिवारी या तुम्ही. नक्की या. एकटेच या."

दीपक म्हणाला, "शमिकाला द्या ना जरा."

"ती आत आहे. तिचा फोन आता माझ्याकडेच असणार."

फोन कट झाला. धम्मदीपने त्याचा दंड घट्ट धरला. "जायचं नाय. ऐकतोस ना? शनिवारी तिकडं फिरकायचं नाय."

दीपकला शनिवारची भीती वाटतच नव्हती. शनिवारला अजून दोन दिवस होते. तो उठून उभा राहिला. "आता साडेसात झाले," तो म्हणाला, "ती आत्ता त्या घरात सगळ्यांसमोर एकटी हाय, धम्मा."