चुन्याचा ठिपका

मी तापट आहे. आमच्या सिंदेवाहीच्या घरी ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी ती लपवूनही ठेवत नाही. कॉम्प्युटर माझा राग सहन करतात, म्हणून हे काम मला बरं जमतं, असं मी हसत सांगायची. त्या रविवारनंतर हे वाक्य बोलायचं मी बंद केलं.

चंद्रपूरला राहून मी एका संस्थेच्या नोंदवहीचं काम बघते. नोंदवही म्हणजे गडचिरोलीतल्या सिकलसेलच्या रुग्णांची यादी: कोणाला कुठली गोळी, किती, रक्त कधी तपासलं, काय निघालं. ही माहिती असलेला सर्व्हर गडचिरोलीच्या ऑफिसात, मागच्या खोलीत आहे. तो बाहेरच्या इंटरनेटला दिसत नाही आणि दिसूही नये. लोकांच्या आजारपणाची वही चव्हाट्यावर कोण ठेवील? त्याच खोलीत एक छोटी मशीन आहे, बॅस्टियन. बाहेरून फक्त तिच्याशी बोलता येतं. मी चंद्रपूरहून आधी बॅस्टियनला पोचते आणि तिथून आतल्या सर्व्हरवर उडी घेते. या उडीला प्रॉक्सीजंप म्हणतात. एकदा लॅपटॉपच्या सेटिंगच्या फाइलीत लिहून ठेवलं की एक छोटं नाव टाइप केलं तरी दोन्ही टप्पे आपोआप पार होतात.

ही सगळी व्यवस्था नागपूरच्या एका ताईने लावून दिली होती. ती आधी याच संस्थेत होती. आता दुसरीकडे नोकरी करते, तरी माझा फोन उचलते.

मृगाच्या आधीचे दिवस होते. एटापल्लीच्या पुढच्या गावांना पावसाळ्यात वाट राहत नाही, म्हणून तिथल्या रुग्णांच्या चार महिन्यांच्या गोळ्या आधीच पोचवतात. त्या रविवारी आमची सिस्टर एटापल्लीत गाडी घेऊन थांबली होती. गोळ्यांची खोकी तिच्याजवळ होती, पण कोणाला किती द्यायच्या ती नवी यादी माझ्याकडून जायची होती. एक वाजता गाडी निघणार. तिथून पुढे फोनला रेंज नाही.

नऊ वाजता तिचा फोन आला. "मॅडम, जुनी यादी हाये माह्याजवळ. पन त्या आठवीतल्या पोरीचं रक्त मागच्या आठवड्यात लय कमी निघालं ना, डॉक्टरनं तिचा डोस बदलवला. किती केला ते मले माहीत नाई. डॉक्टर कॅम्पले गेले, फोन लागून नाई राह्यला."

या गोळीचा डोस जास्त झाला की रक्त उतरतं. जुन्या डोसाच्या गोळ्या चार महिने त्या पोरीच्या हाती पडल्या, तर रक्त आणखी उतरलं असतं आणि तपासायला वाट नसती. मी म्हटलं, दहा मिनिटांत पाठवते.

नाव टाइप केलं. थोडा वेळ काहीच झालं नाही, मग दोन-तीन ओळी आल्या. शेवटची ओळ सांगत होती की जोडणी बंद झाली. मी तेवढीच वाचली. माझा स्वभावच तसा, भांडणातलं शेवटचं वाक्य ऐकून निकाल लावणारा. आदल्याच दिवशी मी सेटिंगची ती फाइल नीटनेटकी केली होती, तेव्हा ठरवून टाकलं की माझ्या किल्लीचंच काहीतरी बिघडलं. किल्ली म्हणजे लॅपटॉपमधली ती गुप्त फाइल, जी दाखवल्याशिवाय मशीन आत घेत नाही. फाइल पुन्हा जुनी केली. किल्ली बदलली, परत ठेवली. माझी किल्ली बॅस्टियनवर नेऊन ठेवावी का, असंही डोक्यात आलं. साडेदहा वाजले. कूलर घरघरत होता आणि मी त्यालाही दोन शब्द सुनावले.

शेवटी ताईला फोन केला. ती बाजारात होती, मागे भाजीवाल्यांचा गलका.

"किल्ली बॅस्टियनवर ठेवली तर मी तुझ्याशी बोलणार नाही," ती म्हणाली. "ती तिथे लागतच नाही. बॅस्टियन फक्त नळी धरून बसतो. तुझा लॅपटॉप त्या नळीतून थेट आतल्या सर्व्हरशी बोलतो, किल्लीही लॅपटॉपवरूनच दाखवतो. आता राग बाजूला ठेव आणि एकेक टप्पा बघ. नुसतं बॅस्टियनवर जाता येतं का?"

गेले. उघडला.

"म्हणजे पहिला टप्पा ठीक. इंटरनेट ठीक, तिथली तुझी किल्लीही ठीक. आता परत ये आणि तीच उडी बडबड्या मोडमध्ये मार. काय काय होतं ते सगळं छापतं. वरून खाली वाच, खालून वर नाही."

वाचलं. बॅस्टियनपर्यंत सगळं सुरळीत. मग एक ओळ, जी पहिल्या वेळीही आली होती आणि मी ओलांडून गेले होते: आतल्या पत्त्याशी जोडणी झाली नाही, 'नो रूट टू होस्ट'.

"हे बॅस्टियनचं म्हणणं आहे, तुझ्या लॅपटॉपचं नाही," ताई म्हणाली. "किल्लीची भानगड असती तर 'परमिशन डिनाइड' आलं असतं. सर्व्हर चालू असून आतली सेवा बंद असती तर 'रिफ्यूज्ड' म्हणाला असता. तुझी किल्ली दाखवायची वेळच आली नाही गं. आता बॅस्टियनवर बसून त्या पत्त्याला हाक मार."

मारली. बॅस्टियन आसपासच्या मशीनींचा जो तक्ता ठेवतो, त्यात त्या पत्त्यापुढे 'फेल्ड' लिहून आलं.

"एकाच खोलीत हाक मारली आणि कोणी ओ दिली नाही. एकतर सर्व्हर बंद आहे, नाहीतर त्याची वायर. तिथे कोण आहे?"

रविवारी तिथे फक्त भाऊ असतात. ऑफिसचे चौकीदार, मागेच राहतात, माझ्या वडिलांच्या वयाचे. ओठाखाली कायम खर्रा, सुपारी-तंबाखू चुन्यात घोटलेला. मी फोन लावला तेव्हा सव्वाअकरा झाले होते.

"भाऊ, काल काय झालं तिथे?"

"काल सांजच्याला लय कडाडलं, मॅडम. मी दोन्ही मशीनी बटन दाबून बंद केल्या, वायरी उपसून ठेवल्या. सकाळी जशाच्या तशा लावल्या."

वीज कडाडली की प्लग आणि नेटची वायर दोन्ही काढायची, ही आमच्याकडची रीत आहे. दोन वर्षांपूर्वी त्या वायरीतूनच वीज आत येऊन नेटचा एक डबा जळाला होता. तेव्हापासून भाऊ ढग दिसला की खोलीत जातात. मला ते अडाणीपण वाटायचं.

"सर्व्हर चालू आहे?"

"चालू हाये जी. घरघर करून राह्यला."

"नेटची वायर नीट बसली का?"

"बसली हाये. हिरवा दिवाबी लुकलुकून राह्यला."

हिरवा दिवा म्हणजे वायर ठीक. मी तसं ताईला सांगितलं. तिने बॅस्टियनवरून आणखी दोन-तीन गोष्टी तपासायला लावल्या, काही निघालं नाही. सिस्टरचा मेसेज आला, 'मॅडम झालं का', आणि मग दुसरा, 'ड्रायव्हर घाई करून राह्यला'. बारा वाजून गेले होते. मला रडू आलं, खरं सांगते. त्या पोरीला मी एकदाच शिबिरात पाहिलं होतं. तिने मला माझ्या लॅपटॉपवरच्या स्टिकरबद्दल विचारलं होतं, एवढंच.

मग ताईने विचारलं, "त्या सर्व्हरला नेटची भोकं किती?"

दोन. आणि पत्ता त्यातल्या एकालाच बांधलेला. दुसऱ्यात वायर घातली तरी दिवा लागतो, पण त्या पत्त्याच्या हाकेला कोणी ओ देत नाही. मी पुन्हा भाऊंना फोन लावला.

"भाऊ, मागे दोन भोकं आहेत ना? वायर कोणत्यात आहे?"

"डाव्या हाताच्या."

"काढून उजव्यात घाला."

फोनवर टेबल सरकल्याचा आवाज आला, भाऊंचा श्वास, मग एक बारीक टिक.

"घातली, मॅडम."

मी बॅस्टियनवरून हाक मारली. एक सेकंद, दोन, तीन. ओ आली. ताईला न सांगताच मी उडी मारली आणि आतल्या सर्व्हरची ओळखीची पाटी पडद्यावर उमटली. यादी त्याच वाटेने ओढून आणली. बारा पस्तीसला ती सिस्टरच्या फोनवर होती. तिने त्या पोरीच्या नावापुढचा आकडा मला वाचून दाखवला, मी माझ्यासमोरचा वाचला, दोन्ही जुळले. "निघतो मग," ती म्हणाली.

मग भाऊंवर राग काढायला मी मोकळी झाले. सवयच. त्यांना पुन्हा फोन लावला.

"भाऊ, दरवेळी बरोबर लावता, आज कशी चुकली?"

"मॅडम, त्या उजव्या भोकावर मी चुन्याचा ठिपका लावून ठेवला होता. वायर काढली का ठिपका पाहून परत घालायची. मागच्या महिन्यात तुमी आल्या, तवा पुसून टाकला ना."

आणि मला आठवलं. सर्व्हर साफ करताना मागे पांढरा डाग दिसला होता. मी भाऊंना चारचौघांसमोर झापलं होतं, खर्रा खाऊन मशीनला हात लावता, चुना कुठेही फासता म्हणून. ओल्या फडक्याने घासघासून मी तो ठिपका काढला होता आणि वर साफ झालं म्हणून समाधानही मानलं होतं.

"तेव्हा सांगितलं काऊन नाई, भाऊ?" माझ्या तोंडून आपोआप आमच्या घरची भाषा निघाली.

"तुमी रागात होत्या. म्हटलं, ध्यानात राहील. आज नाई राह्यलं."

मी माफी मागितली. फोनवरच, सरळ शब्दांत. ते "जाऊ द्या जी" म्हणाले आणि वर सांगितलं की कालच्या विजेने बाजूच्या झेरॉक्सवाल्याची मशीन जळाली. आमच्या दोन्ही मशीनी शाबूत होत्या, कारण या माणसाने ढग पाहून त्यांच्या वायरी उपसल्या होत्या. मला त्या उपसण्याचीही लाज वाटायची, पाहुण्यांना दाखवताना.

ताईला मी संध्याकाळी फोन केला आणि सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने माझा अर्धा दिवस वाचवला होता, स्वतःचा घालवून, आणि त्याबद्दल ती काही बोलली नाही. पुढच्या वेळी वरून खाली वाच, एवढंच म्हणाली. मी आजही वाचते.

पुढच्या गुरुवारी मी गडचिरोलीला गेले. नोंदवहीचं काही काम नव्हतं. भाऊ खोलीच्या दारात उभे होते. मी त्यांच्यापुढे हात केला आणि म्हटलं, "भाऊ, चुन्याची डबी द्या."

त्यांनी खिशातून डबी काढली. मी सर्व्हरच्या मागे वाकले आणि उजव्या भोकावर बोटाने ठिपका लावला. भाऊंनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "जरा मोठा लावा जी. मले चष्मा लागला."

मी मोठा लावला.