एकास दोन बाजूंची पेटी

टी.वाय.च्या, म्हणजे बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या वर्गाला पहिल्यांदा क्वांटम मेकॅनिक्स शिकवायला उभा राहिलो, तेव्हा मी फळ्यावर एक नियम लिहिला आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. नियम चुकीचा होता. रेघा मात्र सरळ आल्या होत्या.

विषय तसा सोपा. एक सपाट पेटी, तिच्यात अडकलेला एक कण. त्याच्यासाठी दोन आकडे लागतात, एक लांबीच्या दिशेचा आणि एक रुंदीच्या दिशेचा. आकडे पूर्ण, एकपासून पुढचे. शून्य चालत नाही, कारण शून्य घातलं की पेटीत कणच उरत नाही. पेटी चौरस असेल तर दोन्ही आकड्यांचे वर्ग करायचे आणि मिळवायचे. आलेली बेरीज म्हणजे कणाची ऊर्जा. तिचं एकक काय ते इथे सोडून देऊ. एक-दोन घेतलं तर पाच आणि दोन-एक घेतलं तरी पाच. अवस्था दोन, पण ऊर्जा एकच. एका ऊर्जेत अशा किती अवस्था बसतात, त्या संख्येला डिजनरसी म्हणायचं. मी लिहिलं होतं: आकडे वेगळे असतील तर डिजनरसी दोन, सारखे असतील तर एक. मुलांनी मान खाली घालून उतरवून घेतलं. दिंडोरीहून येणारी दोन मुलं तर इतक्या भक्तीने लिहीत होती की मला स्वतःचाच आदर वाटायला लागला.

माझ्यानंतर त्याच वर्गात आमच्या विभागप्रमुखांचा तास असे. त्यांना आम्ही सगळे नुसतं 'सर' म्हणायचो. मी फळा न पुसता निघून आलो होतो. चहाच्या वेळी सरांनी मला बोलावलं.

"पन्नास मोज," ते म्हणाले.

"एक-सात आणि सात-एक. दोन."

सरांनी चहाचा घोट घेतला. मीही घेतला. त्यांचा कप संपला तरी ते काही बोलेनात, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पाच-पाच! पंचवीस आणि पंचवीस. डिजनरसी तीन.

"आकड्यांची अदलाबदल केली की जोडी मिळते, हे खरं," सर म्हणाले. "पण तेवढ्याने मोजणं संपत नाही. पेटीला विचारावं लागतं. उद्या वर्गात जाऊन चुकलो म्हणून सांग. आणि त्या रेघा खोडताना पट्टी घे, नाहीतर वाकड्या खोडशील."

मी गेलो, सांगितलं. मुलं हसली. एकजण म्हणाला, "सर, आम्ही पेनाने लिहिलंय ना!" पुढची सात-आठ वर्षं माझ्या प्रत्येक चुकीचं असंच झालं. सर कधी आवाज चढवायचे नाहीत आणि कधी सोडायचेही नाहीत. घरी मी याबद्दल कुरकुर करायचो. बायको म्हणायची, "अहो, फुकट शिकवणी मिळतेय, घ्या की."

मग ते साल आलं. सरांचं नोकरीचं शेवटचं वर्ष सुरू व्हायच्या आधी, सुट्टीतच, त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं जड झालं. दवाखान्यातून घरी आल्यावर हळूहळू पाय चालायला लागले, बोलणंही बरंच सुटलं. जूनच्या तोंडावर त्यांनी प्राचार्यांना निरोप धाडला: शेवटची टर्म मी घेणार, आणि टी.वाय.चं क्वांटमच घेणार.

प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावून घेतलं. भला माणूस, पण अडचणीचा प्रश्न दुसऱ्याच्या पानात वाढण्यात तरबेज. "तुम्ही त्यांच्या जवळचे. बघून या. जमणार असेल तर टाइमटेबलमध्ये घालतो. तुम्ही म्हणाल तसं."

म्हणजे तीस-बत्तीस वर्षं फळ्यासमोर उभा राहिलेला माणूस पुन्हा उभा राहणार की नाही, हे मी ठरवायचं. मी, दोन रेघांचा मालक.

सर नाशिक रोडला राहायचे. स्कूटरवरून जाताना वाटेत मी ठरवून टाकलं की हो म्हणायचं. पाहायला जायच्या आधीच. असं ठरवलं की फार हलकं वाटतं.

दार काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने उघडलं. "ये रे बाबा. सकाळपासून दाढी करून बसलेत. तूच येणार हे त्यांना कसं कळलं कोण जाणे."

सर खुर्चीत बसले होते. उजवा हात मांडीवर, कुणी दुसऱ्याने आणून ठेवल्यासारखा. समोर टीपॉयवर कोरे कागद आणि पेन्सिल.

"प्राचार्यांनी पाठवलं ना?" एकेक शब्द उचलून ठेवावा तसं ते बोलले. "मग घे परीक्षा."

"सर, परीक्षा कसली..."

"डॉक्टर विचारतो, आज वार कोणता. पंतप्रधान कोण. बरोबर उत्तर दिलं की टाळ्या वाजवायचा तेवढा बाकी असतो. तू नीट विचार."

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मी म्हटलं, "बरं. चौरस पेटी. खालून पातळ्या सांगा."

डाव्या हाताने ते लिहू लागले. आकडे वेडेवाकडे, पण चुकत नव्हते. दोन, एकदा. पाच, दोनदा. आठ, एकदा. दहा दोनदा, तेरा दोनदा, सतरा दोनदा, अठरा एकदा. विसावर आल्यावर चेहऱ्यावर थोडं हसू आलं. पंचविसाला तीन-चार आणि चार-तीन लिहिलं आणि आपणहून म्हणाले, "पाच-शून्य नाही." मला इतका आनंद झाला की तिथेच उठून प्राचार्यांना फोन करावासा वाटला.

"आता बाजू एकास दोन," सर म्हणाले. "विचार की. हे तर सगळे विचारतात."

एकास दोन म्हणजे पेटीची एक बाजू दुसरीच्या दुप्पट. मग आखूड बाजूच्या आकड्याचा वर्ग चौपट करायचा आणि लांब बाजूच्या आकड्याचा वर्ग त्यात मिळवायचा. सरांनी आखूड बाजूचा आकडा आधी धरला. एक-एक: चार आणि एक, पाच. बरोबर. एक-दोन: चार आणि चार, आठ. बरोबर. मग आठच्याच शेजारी, न थांबता, त्यांनी लिहिलं: दोन-एक. आणि त्याला कंस घालून पुढे लिहिलं, दोनदा.

दोन-एकचे होतात सतरा. सोळा आणि एक. आठाशी त्याचा काही संबंध नाही. चौरसातली जोडी त्यांनी सवयीने या पेटीत आणून बसवली होती.

ते पुढे गेले. एक-तीन, तेरा, आणि त्याच्या शेजारी तीन-एक. कंस. दोनदा.

मी काकूंकडे पाहिलं. त्यांना गणितातलं काही कळत नव्हतं, पण माझा चेहरा कळत असावा. त्यांनी पदर हातात घट्ट धरला. मी कागदाकडे पाहून मान हलवली आणि म्हणालो, "छान."

पेन्सिल थांबली.

"काय छान?"

"नाही, म्हणजे... चाललंय ना व्यवस्थित."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग कागदाकडे. मग परत माझ्याकडे. "तुला काहीतरी दिसलंय."

"किरकोळ आहे, सर."

"मी तुला कधी असं सोडलं होतं?"

झटक्यानंतर त्यांचा आवाज बारीक झाला होता. तो तेव्हाही चढला नाही. पण माझ्या कानशिलात बसली.

"दोन-एकची बेरीज करून बघा, सर," मी म्हटलं.

त्यांनी केली. चार चोक सोळा, त्यात एक. सतरा. आठवर बोट ठेवलं, सतरावर बोट ठेवलं. मग तीन-एक केलं: छत्तीस आणि एक, सदतीस. तेराशेजारचा कंस त्यांनी पेन्सिलने हळूहळू काळा केला, त्यातलं काही दिसेनासं होईपर्यंत.

"सर, अहो, एवढी चूक कुणीही करतं. मी तर धडधाकट असताना—"

"तुला नुसतं 'पन्नास मोज' म्हटलं, आणि ते सापडलं," सर म्हणाले. "मला नसतं सापडलं. मी पुढे गेलो असतो. पोरांनी पेनाने लिहून घेतलं असतं."

काकू आत निघून गेल्या. आत नळ सुरू झाल्याचा आवाज आला, आणि बराच वेळ सुरूच राहिला.

मला वाटलं, सर आता कागद बाजूला सारतील. पण त्यांनी नवा घेतला. पुन्हा खालून सुरुवात केली. आता प्रत्येक जोडीची बेरीज वेगळी करत होते, एकेक पायरी धरून उतरावं तसं. पाच. आठ. तेरा. सतरा. प्रत्येक एकदाच. मग एक-चार: चार आणि सोळा, वीस. मग दोन-दोन: सोळा आणि चार. वीस. पेन्सिल तिथे टेकून राहिली.

"हे खरं," ते म्हणाले. "हे दोनदा."

खरंच होतं. बाजू असमान असल्या की डिजनरसी नाही, असं आमच्यातले किती तरी लोक बेधडक शिकवतात. पण बाजूंचं प्रमाण सोपं असलं की अशा जोड्या निघतात, आणि त्या अदलाबदलीने मिळत नाहीत. एकेक मोजून पुढे जावं लागतं, तेव्हाच त्या भेटतात. अवघड ते त्यांना सापडलं होतं. सोपं मात्र हातून निसटत होतं, आणि निसटलेलं कळत नव्हतं.

"सापडलं की, सर! मग जमेल. मी फळ्यावर लिहीन, तुम्ही बोला. मी वर्गात थांबतो."

"आणि मी चुकलो की तू 'छान' म्हणणार."

मी पहिला कागद उचलून उलटा ठेवला.

"प्राचार्यांना सांग, मी येत नाही म्हणून," सर म्हणाले. "तू ठरवलंस असं सांगू नकोस. मी सांगितलं म्हण. क्वांटम तू घे." मग म्हणाले, "एकास दोन झाल्यावर एकास तीन पोरांना घरी दे. वर्गात उत्तर सांगू नकोस. कंटाळा येतो त्यांना, पण येऊ दे."

निघताना काकूंनी हातावर वडी ठेवली. डोळे धुऊन आल्या होत्या. "सुटले बाई एकदाचे," एवढंच म्हणाल्या. कशातून, ते मी विचारलं नाही.

घरी जेवताना बायकोला सगळं सांगितलं. मी 'छान' म्हटलं तेही. एवढं सांगून मी म्हणालो, दर रविवारी जाऊन बसत जाईन, तेवढाच त्यांना विरंगुळा.

तिने भाताचं पातेलं खाली ठेवलं.

"विरंगुळा द्यायला मुळीच जाऊ नका," ती म्हणाली. "वर्गात काय अडलं ते घेऊन जा. आणि खरंच अडलेलं न्या. मुद्दाम अडवून नेलेलं त्यांना लगेच कळेल. तुम्हाला काय, अडलेलं शोधत बसावं लागणार नाही."