चंचीतला फोन आणि आजीचा डोळा

आधीच सांगून टाकते, भूतखेत, दृष्ट, करणी यातलं मला काही पटत नाही. घरात कुणी मिरच्या ओवाळायला घेतल्या की ठसका लागून बाहेर जाणारी पहिली मीच. त्यात माझं काम एक्स-रे काढायचं... सोलापुरातल्या एका खाजगी दवाखान्यात. माणसाच्या आत काय असतं ते मी रोज बघते. हाडं असतात, कधीकधी गिळलेलं नाणं असतं. तिथे आत्मा अजून तरी मला दिसलेला नाही. तरीही हे लिहिते आहे, कारण यातला एक तुकडा काही केल्या जागेवर बसत नाही.

आम्ही सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात राहतो. आईबाबा, मी आणि आजी, म्हणजे बाबांची आई. आजीचं माहेर करकंबचं. वय ऐंशीच्या पुढे, जीभ अजून विशीतली. मोतीबिंदूचं ऑपरेशन डाव्या डोळ्याचं झालं होतं, उजव्याचं व्हायचं होतं. उजव्याने तिला फक्त उजेड-अंधार कळायचा. म्हणजे भिस्त सगळी त्या एका नव्या डोळ्यावर. तिची सासू शेवटची बरीच वर्षं आंधळी होऊन खाटेवर होती आणि आजीने तिचं सगळं केलं होतं. त्यामुळे मरणाला न घाबरणारी आजी डोळ्याला मात्र फार घाबरायची.

ऑपरेशननंतर मी तिला माझा जुना फोन दिला. सेटिंग्जमध्ये जाऊन ॲक्सेसिबिलिटीतून अक्षरं टपोरी करून दिली. आणि आजीने त्या फोनला घर दिलं ते कुठलं, तर तिची पानाची चंची! दात गेल्यापासून पान सुटलं होतं, पण चंची सुटली नव्हती. कापडी, आत कप्पे, गुंडाळी करायची आणि वरून दोरीचे वेढे आवळून कमरेला खोचायची. सुपारीच्या जागी फोन गेला, एवढाच काय तो फरक.

त्या दिवशी आईबाबा एका साखरपुड्याला नातेपुत्याला गेले होते. मी कामावर. दुपारी जेवायच्या सुट्टीत आजीचा फोन.

"रेवे, फोनमदी समदं उलटं झालंय बग. पांढरं हाय ते काळं, काळं हाय ते पांढरं. तुझ्या आजोबाचा फटू बग की, दात काळं आन् केस पांढरं फेक!"

आजोबांचा तरुणपणचा फोटो तिने स्क्रीनवर ठेवला होता. मी हसत म्हटलं, "आजी, स्क्रीनशॉट काढून पाठव." हे तिला येतं. तीन बोटं स्क्रीनवरून खाली ओढायची. देवाचे फोटो, रांगोळ्या, सगळं ती असंच गोळा करते.

स्क्रीनशॉट आला. अगदी व्यवस्थित. आजोबांचे दात पांढरे, केस काळे.

आणि मी शहाणी बोलून गेले, "अगं, हा तर नीट दिसतोय! काहीच उलटं नाहीये."

पलीकडून बारीक आवाजात, "मंजी फोन चांगला हाय. माझा डोळाच गेला."

ऑपरेशननंतर डोळ्यातला पडदा सरकलेले पेशंट मी पाहिलेत. मी घाईघाईने विचारलं, "आजी, फोन बाजूला ठेव. भिंत कशी दिसते? दाराबाहेरचं झाड?"

"मी डोळं मिटल्यात. आता उगडणार न्हाय."

"अगं पण एकदा बघ तरी..."

"आन् तितंबी काळंच असलं तर?" म्हणाली आणि फोन ठेवला.

मी साहेबांना सांगून निघाले. रिक्षात बसल्या बसल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे फोन लावला, तर ते थिएटरमध्ये. उन्हाने रस्ता नुसता भाजून निघाला होता. खरं सांगते, मी कुणालाही हात जोडत नाही, पण त्या रिक्षात सिद्धेश्वराला जोडले.

घरी आले तर आजी खुर्चीवर ताठ बसलेली. डोळ्यांवर पदराची घडी गच्च बांधलेली आणि मांडीवर चंची, दोरी तशीच सुटी. "दुसरा डोळा कापून घ्यायचा न्हाय," एवढंच म्हणाली. मी चंची उलगडली, फोन बाहेर काढला, उघडला.

आणि मलाही आजोबांचे दात काळे दिसले!

मी हसायला लागले, हसता हसता रडायला. "आजी, मलाबी उलटंच दिसतंय गं! तुझा डोळा धडधाकट आहे, फोन बिघडलाय!" घडी सोडायला तिला बराच वेळ लागला. आधी तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग दाराबाहेरच्या झाडाकडे. "हिरवं हाय की," म्हणाली. मग माझ्या पाठीत एक धपाटा घातला. तो का, ते मला अजून कळलेलं नाही, पण बरं वाटलं.

आता यातलं जे समजतं ते सांगते, कारण तुमच्याही घरी हे होऊ शकतं. डार्क मोड असता तर मागची पाटी काळी झाली असती, पण फोटो जसेच्या तसे राहिले असते. फोटोतला माणूसच उलटा झाला, म्हणजे ते कलर इन्व्हर्जन. ज्यांना पांढऱ्या झगमगाटाचा त्रास होतो त्यांच्यासाठी केलेली सोय. ते फक्त काचेवर दाखवताना रंग उलटे करतं, आतलं चित्र तसंच राहतं. म्हणून स्क्रीनशॉट सरळ आला! आमच्या एक्स-रेच्या मशीनवर अगदी असंच बटण असतं. मी ते रोज दाबते, आणि त्या दुपारी ते माझ्या डोक्यातही आलं नाही.

ते सुरू कसं झालं? सेटिंग्जमध्ये पाहिलं तर कलर इन्व्हर्जनच्या पानावर दोन बटणं. एक ते चालू करायचं, दुसरं त्याच्या शॉर्टकटचं. शॉर्टकट चालू होता आणि पद्धत निवडलेली होती, आवाज कमी-जास्त करायच्या दोन्ही कळा एकदम दाबून धरायच्या. आजीला विचारलं.

"अक्षरं आजून मोटी हुतात का बगत हुते," ती म्हणाली. "त्यानं कायबाय इचारलं, मी व्हय म्हणलं."

"काय विचारलं ते वाचलंस का?"

"इचारणाऱ्याला न्हाय कशाला म्हणायचं?"

आणि उरलेलं काम चंचीने केलं. आजी फोन बंद करत नाही, तसाच उजळता गुंडाळते. दोरीचे वेढे बरोबर त्या दोन कळांवर येतात. ती आवळून गाठ मारते, तेवढ्यात दोन-तीन सेकंद जातात. मी तिच्यासमोर गुंडाळून दाखवलं. फोन सुलटा झाला! परत आवळलं, परत उलटा. आजी म्हणाली, "मंजी माज्या चंचीनंच मला आंधळी केली व्हय!" आम्ही दोघी पोट धरून हसलो.

मी इन्व्हर्जन बंद केलं, शॉर्टकटही बंद केला आणि फोन तसाच, ते पान उघडं ठेवून टेबलावर ठेवला. चहा टाकायला उठणार तोच आजी म्हणाली, "बस जरा."

तिने चंचीच्या सगळ्यात आतल्या कप्प्यात बोट घातलं आणि एक चौकोनी फिल्म काढली. जुनी, कृष्णधवल निगेटिव्ह. "डोळा गेला आसं वाटलं तवा मला एकाच गोष्टीचं वाईट वाटलं," ती म्हणाली. "ह्येचं तोंड आता कंदीच दिसायचं न्हाय."

आजीला बाबांच्या आधी एक मुलगा झाला होता आणि तो चालायला लागल्यावर तापाने गेला, एवढंच आम्हाला माहीत. सिद्राम त्याचं नाव, हे मला त्या दिवशी कळलं. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत त्याचा एकच फोटो काढला होता. तो गेल्यावर सासूने फोटो चुलीत घातला. गेलेल्या लेकराचा फोटो घरात ठेवायचा नाही, ते मागे राहिलेल्यांना ओढतं, अशी रीत. निगेटिव्ह काय असते ते सासूला माहीत नव्हतं. ती आजीने चंचीत लपवली. इतकी वर्षं उजेडावर धरून ती बघत राहिली, तर काळं तोंड आणि पांढरे डोळे.

"त्येचं खरं तोंड मी इसरले, रेवे," आजी म्हणाली. तिचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता.

आणि त्याच वेळी टेबलावरच्या फोनचे रंग उलटले.

मी त्याच्याकडेच बघत होते. माझे हात मांडीवर. आजीच्या हातात निगेटिव्ह. चंची माझ्या पायाशी पडलेली. पांढरं पान काळं झालं आणि इन्व्हर्जनचं बटण चालू दिसायला लागलं. त्याच्याखाली शॉर्टकट बंदच होता.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी कॅमेरा उघडला, आजीला म्हटलं, "ती खिडकीसमोर धर." उजेडावर धरलेली निगेटिव्ह कॅमेऱ्यात आली आणि उलट्या स्क्रीनवर सुलटी झाली. टोपडं घातलेलं, गुबगुबीत, रडायच्या बेतात असलेलं पोर. निगेटिव्हवर गालापाशी पांढरा ठिपका होता, तो आता काळा झाला. गालबोट!

आजीने स्क्रीनवरच्या त्या गालावर बोट ठेवलं, तर फोनला वाटलं फोकस करायचाय, आणि चेहरा आणखी स्पष्ट झाला. तेवढ्यात मी फोटो टिपून ठेवला. "कान माज्या बासारखं हायत," ती म्हणाली. "ह्येच मी इसरले हुते."

तो फोन मी दुकानात दाखवला. तिथला माणूस म्हणाला, शॉर्टकट बंद असताना हात न लावता असं होत नाही. जुना फोन आहे, काच स्वतःच दाबली गेली असेल. असेल बाबा. पण नेमकं तेच बटण, नेमकं त्याच क्षणी? त्यानंतर फोनने स्वतःहून असं एकदाही केलेलं नाही. मी मुद्दाम कितीदा ते पान उघडून समोर बसले आहे. मला भीती वाटत नाही. उलट त्या दुपारचं नुसतं हायसं वाटणं माझ्याजवळ उरलं आहे.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आजीच मागे लागली, "दोन्ही डोळ्यांनी बगायचंय." मी म्हटलं, सिद्रामचा फोटो सुलटा करून, फ्रेम करून आणते. ती नको म्हणाली. सासूची रीत मोडायची नाही.

म्हणून फोनमध्ये तो आहे तसाच आहे, निगेटिव्ह. कुणी बघितला तर काळं तोंड आणि पांढरे डोळे दिसतील. शॉर्टकट मात्र मी तिच्या सांगण्यावरून परत चालू करून दिला आहे. रोज सकाळी चहा झाला की ती फोटो उघडते, दोन्ही कळा दाबून धरते आणि लेकाला बघते. मनासारखं बघून झालं की पुन्हा दाबते, आणि घरात फोटो नसतो.