लहान माप वर, मोठं खाली

फोन ठेवू नको माय, जरा बसून ऐक. दर खेपेले तू आपली "हो आई, येते आई" म्हणतेस अन दिवाळीपासून दार नाई पाहिलंस. शिव्या नाई देऊन राह्यली, पण मनात आहे ते बोलू दे. तुले सगळं धड माहीत नाई. आम्हीच नाई सांगतलं, तुह्या जिवाले घोर नको म्हणून.

आपलं दुकान तुले आठवतेच. समुद्रपूरले बसस्टँडच्या रस्त्यावर, शाळेच्या ड्रेसचं. तुह्या बाबाची एकच शिस्त होती: लहान माप वरच्या फळीवर, मोठं खाली, डावीकडे मुलींचं, उजवीकडे मुलांचं. जूनमधे मायबाया पोरांले घेऊन उभ्या राहत, अन बाबा पोराकडे एकदा पाहून, फळीकडे न पाहता हात मागे नेऊन ड्रेस काढत. टेप गळ्यात असे, पण तो शोभेले. वर म्हणत, "एक माप मोठं नेजो बाई, दिवाळीपर्यंत हे पोरगं यात मावत नाई." अन खरंच मावत नसे.

मग सूनबाईनं दुकानात कॉम्प्युटर आणला. शाळांच्या खेळाचे टी-शर्ट होते ना, त्याची यादी करून तिनं मापावर लावली, तं कॉम्प्युटरनं कशी लावली माहीत आहे? आधी एल, मग एम, मग एस, मग एक्स-एल. एबीसीडीच्या नेमानं. बाबानं चष्मा वर करून पाहिलं अन पोट धरून हसले.

"सूनबाई, तुह्या मशीनले लहान-मोठं समजत नाई वो. मोठा भाऊ आधी, लहाना मंग, अन सगळ्यात मोठा शेवटी?"

"मामाजी, त्याले सांगावं लागते," ती म्हणाली. "एकदा शिकवलं की विसरत नाई."

मग तिनं त्याच्यात आपली वेगळी यादी लिहून ठेवली, एकाखाली एक: एस, एम, एल, एक्स-एल, डबल एक्स-एल. अन लावताना एबीसीडीनं नाई, या यादीनं लाव म्हणून सांगतलं. लागलं बरोबर. एकच ओळ सगळ्यात खाली जाऊन बसली, कारण तिथी कोणी 'स्मॉल' असं पूर्ण लिहिलं होतं. सून म्हणाली, जे यादीत नाई त्याले कॉम्प्युटर शेवटी टाकते, त्याले ते ओळखूच येत नाई. बाबाले ते लय आवडलं. चार दिवस येईल त्या गिऱ्हाइकाले सांगत होते.

हे तीन वर्षांपूर्वीचं. मागच्या मे महिन्यात नवा माल आला अन बाबानं नेहमीसारखा स्वतः फळीवर लावला. कोणाले हात लावू नाई दिला. जूनच्या पहिल्याच आठवड्यात तळेगावहून एक बाई आली, पहिलीतल्या पोरीले घेऊन. बाबानं पोरीकडे पाहिलं, हात मागे नेला, ड्रेस काढून समोर टाकला. दहावीच्या पोरीचा. बाई हसली. दुकानातले सगळे हसले. बाबाही हसले, अन परत हात मागे नेला, त्याच फळीवर. परत तसाच मोठा निघाला.

हात चुकला नव्हता, माय. हात बरोबर वरच्या फळीवर गेला. पण वर मोठं माप होतं, मधात लहान, अन खाली जे हाती लागलं ते. त्याईनंच लावलेलं.

दुपारी ते जेवाले घरी आले तेव्हा सूनबाईनं सगळी फळी गुपचूप नीट लावली. दोन दिवसांत परत तसंच. तिनं फळीवर मापाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, तं बाबानं सोलून काढल्या.

"मले माप शिकवते काय? तुह्या लग्नाआधीपासून लावून राह्यलो मी."

ती मागच्या खोलीत जाऊन तोंडाले पदर लावून उभी राहिली. मीच पाहिलं.

मग वर्ध्याले डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर तरुण होता, चांगल्या बोलीचा. म्हणाला, "काका, वर्षाचे बारा महिने उलटे सांगा बरं." बाबानं सुरू केलं, "मे, एप्रिल, मार्च..." डॉक्टर म्हणाला, "तसं नाही, डिसेंबरपासून." मले राहवलं नाई. म्हटलं, साहेब, आमचं शाळेच्या ड्रेसचं दुकान आहे, आमचं वर्ष जूनले सुरू होऊन मे मधे सरते, ते बरोबरच सांगून राह्यले. डॉक्टर हसला, म्हणाला, बरं काका, तुमच्या वर्षानं सांगा.

मले वाटलं, आता घडघड म्हणतीन. मार्च, फेब्रुवारी, जानेवारी इथपर्यंत आले. मग थांबले. टेबलाच्या कडेवर बोट फिरवत होते, जसं फळीवर फिरवत. मग म्हणाले, "जून, जुलै. शाळा उघडल्या." अन डॉक्टरकडे पाहून विचारलं, "पोरगं कितवीत आहे तुमचं?"

डॉक्टरनं गोळ्या देल्या. मले बाजूले घेऊन सांगतलं की यानं फार तर विसरणं थोडं हळू वाढीन, गेलेलं वापस नाई येणार. येताना बसमधे तुहे बाबा खिडकीतून कापसाची वावरं पाहत होते, खुशीत. मी त्याईचा हात धरून बसली होती. मले एकच गोष्ट आठवत होती. त्या मशीनले एकदा सांगतलं अन ते आजही बरोबर लावते. याईले मी रोज सकाळी सांगत होती, लहान वर, मोठं खाली.

आता ते दुकानात नाई जात. सूनबाईनं न खपलेल्या टी-शर्टचं एक खोकं घरी आणून देलं, त्याईचा वेळ जावा म्हणून. रोज चहा झाला की सतरंजीवर सगळे पसरतात, घड्या घालतात, ओळीनं लावतात. घड्या अजून अशा पडतात की कोपऱ्याले कोपरा. ओळ मात्र कशीही. मग मले हाक मारतात, "पाह्य बरं, बरोबर आहे काय?" मी म्हणते, बरोबर आहे. पहिले-पहिले मी सांगून पाहत होते, अहो, हा लहान आहे, हा आधी. ते मान हलवत अन तिथीच ठेवत. आता नाई सांगत. संध्याकाळी मीच सगळे खोक्यात भरते.

फोन केला तो यासाठी, माय. मागच्या सोमवारी टी-शर्ट लावता लावता बाबा बोटावर मोजत होते, थोरली, धाकटा. थोरली, धाकटा. मी म्हटलं, "अन मधली?"

"मधली आहे काय?" त्याईनं विचारलं. रागानं नाई, खरंच विचारलं.

"आहे ना, पुण्याले आहे."

त्याईनं ओळीतले दोन टी-शर्ट सरकवून मधात थोडी जागा केली, मग पटलं नाई बहुतेक, परत जुळवून टाकले. मग म्हणाले, "तिले कोठी ठेवू? शेवटी ठेवतो."

तू आलीस म्हणजे त्याईले सगळं आठवीन असं मी नाई म्हणत. आता कोणाच्या येण्यानं काही होत नाई, हे मले समजलं आहे. पण आज तुले शेवटी तरी ठेवतात. काल ते थोरलीचंही नाव अडखळून घेत होते. सुट्टी नसन तं एका दिवसाची काढ, सकाळच्या गाडीनं येजो अन त्याईच्या बाजूले सतरंजीवर बसजो. लवकर येजो, माय.