रिकाम्या रात्रीचा धडा

वजनमापे खात्यातल्या माणसाला मित्रांनी ‘काटा’ म्हणावं, यात मित्रांची हुशारी फारशी नव्हती. पण नाव असं चिकटलं की काट्याची बायकोसुद्धा फोनवर ‘काटा घरी नाहीत’ असं आदरार्थी बहुवचनात सांगे. तीस वर्षं हा गृहस्थ दुकानादुकानातले तराजू तपासत हिंडला. दुकानदाराने भांडं काट्यावर ठेवलं की हा म्हणे, “आधी धडा.” म्हणजे रिकाम्या भांड्याचं वजन आधी वजा कर, मग माल मोज, भांड्याचे पैसे गिऱ्हाइकाच्या माथी मारू नकोस. या एका वाक्यावर त्याची नोकरी झाली आणि थोडासा गर्वही झाला.

शाळेपासूनचे मित्र चार. काटा, दातांचा डॉक्टर, छापखानेवाला आणि चित्रकलेचा मास्तर. मास्तरची बायको जाऊन आठ महिने झाले होते. तो बोलायचा, हसायचाही, पण आपण हसलो का हे दुसऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरवल्यासारखा. त्याला जरा बाहेर काढावं म्हणून तळ्याकाठचा एक बंगला भाड्याने घ्यायचं ठरलं. शनिवारची रात्र हवी असेल तर मालक तीन रात्रींपेक्षा कमी द्यायला तयार नव्हता. रात्रीचे पंधरा हजार, तिन्हींचे पंचेचाळीस. घ्या नाहीतर सोडा. शनिवारशिवाय छापखानेवाल्याला जमत नव्हतं, म्हणून चौघांनी होकार दिला आणि काट्याने पदरचे पैसे भरून टाकले.

गुरुवारी सगळ्यांनी निघायचं होतं. सकाळी काट्याला साहेबांनी तपासणीला पाठवलं, डॉक्टरकडे कुणाची तरी दाढ अडली, छापखान्यात मशीन रुसलं. मास्तरचा तेवढा निरोप आला, की मी पुढे जातो, किल्ली घेऊन ठेवतो. शुक्रवारी काटा आणि डॉक्टर पोचले, शनिवारी छापखानेवाला. दोन दिवस गप्पा झाल्या, पत्ते झाले, डॉक्टरने सगळ्यांच्या तोंडात विनामूल्य डोकावून सगळ्यांना घाबरवलं. मास्तर पत्त्यांत दोनदा जिंकला. काट्याला वाटलं, जमलं.

सोमवारी त्याने हिशेब मांडला. नियम त्याचाच, आणि त्याच्या मते सोन्यासारखा होता. ज्या रात्री जेवढी डोकी, त्या रात्रीचं भाडं तेवढ्यांत. शनिवारी चौघे, प्रत्येकी तीन हजार सातशे पन्नास. शुक्रवारी तिघे, प्रत्येकी पाच हजार. गुरुवारी एकटा मास्तर, पंधरा हजार. म्हणजे मास्तर तेवीस हजार सातशे पन्नास, काटा आणि डॉक्टर आठ हजार सातशे पन्नास, छापखानेवाला तीन हजार सातशे पन्नास. बेरीज पंचेचाळीस हजार, पैचा फरक नाही. चौघांच्या ग्रुपवर टाकताना त्याला आपल्या अक्षराचंही कौतुक वाटलं.

पहिले पैसे मास्तरचे आले, दहा मिनिटांत. त्याच्याखाली एक ओळ होती, “पुढच्या वर्षी मला धरू नका.”

डॉक्टरने पसंतीचा अंगठा दाखवला. त्याने तो हिशेबाला दाखवला होता, पण दिसला मास्तरच्या ओळीखाली. छापखानेवाला गप्प राहिला. स्वस्तात सुटलेला माणूस सहसा गप्पच असतो.

काट्याने बायकोला ओळ वाचून दाखवली आणि मास्तर हल्ली फार मनाला लावून घेतो, असा शेराही मारला. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने आकडा विचारला, दुसऱ्यांदा विचारला, मग उशीचा अभ्रा तसाच हातात धरून म्हणाली, “अहो, भावोजी गुरुवारी गेले नसते, तर त्या रात्रीचं भाडं मालकाने सोडलं असतं का?”

“नाही. तीन रात्री घ्यायलाच लागत होत्या.”

“मग ते तिथे झोपले म्हणून तुमचं काय वाढलं?”

काट्याने हिशेबाचा कागद पुन्हा पुढे ओढला. गुरुवारची रात्र मास्तरने घेतली नव्हतीच. ती शनिवारबरोबर चौघांनी घेतली होती. ती होती रिकामं भांडं. आणि तीस वर्षं लोकांना धडा करायला लावणाऱ्या माणसाने ते भांडं मालात मोजून, न आलेल्या तिघांचं वजन आलेल्या एकाच्या पारड्यात टाकलं होतं. एखाद्या दुकानदाराने हे केलं असतं, तर त्याचा काटा याने जप्त केला असता.

संध्याकाळी तो मास्तरकडे गेला. घर स्वच्छ होतं. फार स्वच्छ, वापरात नसलेल्या घरासारखं. मास्तरने चहा केला आणि सवयीने दोनाऐवजी तीन कप काढले. तिसरा कप उचलून त्याने मुकाट्याने फळीवर ठेवला. काट्याने खिडकीबाहेर बघितल्यासारखं केलं.

“पैसे परत द्यायला आला असशील तर चहा पी आणि जा,” मास्तर म्हणाला. “दया नको मला, काट्या.”

“दया करायला मी काय धर्मादाय खात्यात आहे? चूक झाली माझी. हिशेबात.”

गेल्या चाळीस वर्षांत काट्याच्या तोंडून हे वाक्य कुणी ऐकलं नव्हतं. मास्तर खाली बसला. काट्याने कागद पुढे केला. गुरुवार आधी बाजूला, तो चौघांत सारखा. उरलेल्या दोन रात्री पहिल्यासारख्याच. मास्तर, काटा, डॉक्टर प्रत्येकी साडेबारा हजार; छापखानेवाला साडेसात. मास्तरने बोटांवर बेरीज केली, तीही दोनदा.

“पण मी राहिलो तर होतो तिथे.”

“राहिलास. कसा राहिलास ते सांग.”

मास्तरने कप बाजूला सारला. मग सांगू लागला. चार खोल्या उघडल्या, चार अंथरुणं घातली. अंगणात चार खुर्च्या मांडल्या. आठ वाजेपर्यंत वाटलं, कुणीतरी येईल. मग खुर्च्या आत घेतल्या. कुठल्याच खोलीत झोपवेना, तेव्हा बाहेरच्या सोफ्यावर दिवा लावून बसून राहिला. घरी एकटं राहायची सवय होत आली होती, तो म्हणाला. तिथे पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

“आकड्याचं काही नव्हतं रे. पण तुझा कागद वाचला आणि वाटलं, त्या रात्री मी एकटा होतो, हे तुम्ही लिहूनच दिलंत.”

चहावर साय धरली होती. काट्याने तिथेच बसून ग्रुपवर लिहिलं, की हिशेब चुकला, चूक माझी, नवा पाठवतोय. छापखानेवाल्याचा फोन लगेच आला. एका रात्रीचे साडेसात हजार म्हणजे दरोडा आहे, असं त्याचं म्हणणं होतं. काट्याने शांतपणे विचारलं, शनिवार कुणाला हवा होता? आणि गुरुवारी किल्ली घ्यायला कोण गेलं होतं? पलीकडून छापखान्याच्या खडखडाटातून आवाज आला, “मास्तर आहे का तिथे? दे जरा.”

मास्तरने फोन घेतला, ऐकलं, दोनदा ‘हं’ म्हणाला आणि परत दिला. काय बोलणं झालं ते त्याने सांगितलं नाही. अकरा हजार दोनशे पन्नास मात्र परत घेतले.

निघताना काट्याने चपला घालता घालता विचारलं, “मग पुढच्या वर्षी धरू ना तुला?”

“गुरुवारी कोण येणार ते आधी सांग.”

दुसऱ्या दिवशी काट्याने साहेबांपुढे रजेचा अर्ज ठेवला. पुढच्या वर्षातला एक गुरुवार. साहेब अर्जावरची तारीख बघून हसले आणि एवढ्या आधी कशाला, असं विचारलं. काटा म्हणाला, “साहेब, धडा आधीच करायचा असतो.” साहेबांना ते कळलं नाही, पण सही त्यांनी केली. अर्जाचा फोटो काट्याने ग्रुपवर टाकला.

मास्तरची ती ओळ अजून तिथेच आहे. तिच्याखाली मास्तरने त्या दिवशी एवढंच लिहिलं, “किल्ली तू घे.”